फोटोखालच्या ओळीपासून टोस्टपर्यंत: लग्नाच्या स्लाइड शोमधून चार मिनिटांचं बोलणं कसं उभं करायचं

ताईचा फोन आला तेव्हा भाचीच्या लग्नाला 3 आठवडे होते. "रिसेप्शन गोव्याला आहे, मुलाकडच्या पद्धतीने. आपल्या बाजूने टोस्ट तू करायचास." आमच्याकडे कोल्हापुरात मामाचं काम अंतरपाटामागे मुलीला धरून उभं राहण्याचं. फार तर जेवताना आग्रह करायचा. हातात ग्लास घेऊन उभ्याने बोलायची वेळ आमच्या घरात कुणावर आली नव्हती. गोव्यातल्या ख्रिश्चन लग्नात मात्र हा कार्यक्रमाचा ठरलेला भाग असतो. सूत्रसंचालक नाव पुकारतो, पाहुणे ग्लास घेऊन उभे राहतात, एक जण नवरा-नवरीबद्दल बोलतो आणि शेवटी सगळे मिळून ग्लास उंचावतात. ग्लासात काय आहे याची कुणी चौकशी करत नाही. माझ्यात कोकम होतं.

टोस्टच्या आधी दोन्ही घरांच्या फोटोंचा स्लाइड शो दाखवणार होते. भाच्याने तो बनवला होता: 64 फोटो, प्रत्येकी 5 सेकंद, म्हणजे 5 मिनिटं 20 सेकंद. ताई म्हणाली, "त्यातलंच काहीतरी घेऊन बोल." ते कसं घ्यायचं हे मी बरंचसं चुकत शिकलो. आपल्याकडेही आता संगीताच्या रात्री आणि स्वागत समारंभात माइक कुणाच्याही हातात येतो, म्हणून लिहून ठेवतो.

आधी फाइल मागवा, आणि थांबवत थांबवत बघा

स्लाइड शो एकदा मोबाइलवर बघून "मस्त झालाय रे" म्हणालात की तो वाहून जातो. मूळ फाइल मागवून घ्या, वही घेऊन बसा आणि एकेक स्लाइड थांबवून तीन गोष्टी लिहा: स्लाइडचा क्रमांक, फोटोखालची ओळ जशीच्या तशी, आणि फोटोच्या कडेला काय दिसतं ते. तिसरी गोष्ट आळसाने टाळू नका. मधला चेहरा सगळेच बघतात. कडेला कुणाचा अर्धा हात असतो, दाराआड कुणी उभं असतं, जमिनीवर पिशवी असते. पुढे फोन करून विचारायला हेच धागे कामी येतात.

माझ्या यादीत ओळी तीन प्रकारच्या निघाल्या. पहिल्या नुसत्या भावनेच्या: "क्यूटी", "ते सोनेरी दिवस", "भाऊ-बहीण गोंधळ". यांतून काहीही हाती लागत नाही, सोडून द्या. दुसऱ्या ठिकाणाच्या आणि सालाच्या: "आंबोली 2004", "शाळेचा पहिला दिवस". यांचा उपयोग विचारायला होतो, बोलायला नाही. तिसऱ्या ओळी भाच्याच्या नव्हत्याच. कुणीतरी पूर्वी फोटोमागे लिहिलेलं त्याने तसंच उतरवून टाकलं होतं. 64 मध्ये अशा फक्त 4 निघाल्या, पण टोस्टचं खरं सामान तिथे होतं.

म्हणून स्लाइड शोवर न थांबता अल्बम काढायला लावा आणि प्रिंट उलटी करून बघा. आमच्याकडे भाची हॉस्टेलला निघाली तो एसटी स्टँडवरचा फोटो होता. स्लाइडवर ओळ होती "पुण्याला निघताना". या फोटोची प्रिंट आजीने मुद्दाम स्टुडिओतून काढून आणलेली, कारण मोबाइलमधल्या फोटोला ती फोटो मानायचीच नाही. मागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "पाऊस. पोचल्याचा फोन रात्री 9 ला आला." भाच्याने पुढची बाजू स्कॅन केली आणि मागची पाहिलीच नाही.

जाता जाता सालांबद्दल एक. जुन्या प्रिंटच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असते, तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ आपल्याकडे कोण लावत होतं? आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमध्ये फोटो काढल्याची मूळ नोंद राहत नाही, फाइलवर दिसते ती बहुधा तो तुम्हाला पाठवला त्या दिवसाची तारीख. साल हवंच असेल तर माणसाला विचारा. बोलताना "ती दुसरीत होती" हे कुठल्याही सालापेक्षा बरं.

मग फोन करा, आणि चौकटीबाहेरचं विचारा

फोटोत जे दिसतं ते टोस्टमध्ये सांगायचं नाही. लोकांनी ते नुकतंच पाहिलेलं असतं. टोस्टने सांगायचं ते फोटोच्या चौकटीबाहेरचं: क्लिक होण्याआधी काय चाललं होतं, नंतर काय झालं, कॅमेरा कुणाच्या हातात होता.

"त्या फोटोबद्दल काहीतरी सांग ना" असं विचारलं तर समोरून "अगं बाई, किती गोड होती" एवढंच येतं. मी ताईला विचारून पाहिलं, हेच आलं. मग विचारायची पद्धत बदलली. हा फोटो कुणी काढला? काढायच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं? हातात आहे ते काय आहे? या तीन प्रश्नांवर माणूस आठवायला लागतो. आणि फोन ज्याने फोटो काढला त्याला करा. फोटोतल्या पोराला काहीच आठवत नसतं.

स्लाइड 11 चं उदाहरण घ्या. ओळ होती "पप्पांची स्कूटर". भाची दुसरीत, बजाजच्या स्कूटरवर पुढे उभी, हातात डबा, स्वेटरची बटणं एका घराने चुकलेली. बस, एवढंच. फोटो शेजारच्या काकांनी काढला होता. त्यांना फोन लावला तर ते आधी पाच मिनिटं हसत राहिले. स्कूटर रोज सकाळी सुरू व्हायला नखरे करायची. भाऊजी ती एका अंगावर तिरकी करायचे, सरळ करायचे, मग किका मारायचे. ज्यांच्या घरी ती स्कूटर होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. भाचीचं काम किका मोजायचं. मोठ्याने. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्या दिवशी बाराव्या किकेला स्कूटर सुरू झाली, ही ओरडली "बाऽऽरा!", आणि काकांनी क्लिक केलं. फोटोत तिचं तोंड उघडं आहे ते त्यामुळे. मी आजवर समजत होतो की ती जांभई देतेय.

आता नवऱ्याकडची बाजू. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मग टोस्ट एकाच घराचा होतो. समोर बसलेले अर्धे लोक अनोळखी घराच्या आठवणी सभ्यपणे ऐकत राहतात. मी विहीणबाईंना फोन केला. त्या बार्देशातल्या, मराठी समजतं पण बोलायला संकोच, तेव्हा त्या कोंकणीत आणि मी मराठीत. स्लाइड 41 वर जावई आठ-नऊ वर्षांचे, हाताला प्लास्टर. काजूच्या झाडावर चढले होते. आई खालून उतर म्हणून हाका मारतेय आणि हे वरून "आयलों, आयलों" म्हणताहेत. आयलों म्हणजे आपलं आलो. दर "आयलों"ला एक फांदी आणखी वर. शेवटी खरंच खाली आले, पण फांदीसकट.

फोन ठेवला आणि वहीकडे बघत बसलो. ही मोजते, तो "आयलों" म्हणतो, आणि आजी पोचल्याच्या फोनची वेळ लिहून ठेवते. तिन्ही फोटोंत कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. हा धागा मी ठरवून शोधला नव्हता. सात-आठ फोन झाल्यावर तो वहीत दिसला. तुमच्या वहीत दुसराच असेल: कुणाचं तरी सारखं काहीतरी हरवतं, कुणीतरी प्रत्येक फोटोत खातंय. पण तो किमान दोन वेगवेगळ्या माणसांच्या आठवणीत सापडला पाहिजे. एकाच्याच किश्शावरून ओढूनताणून धागा काढला की ऐकणाऱ्याला ती ओढाताण कळते.

कात्री

चार मिनिटांत तीन फोटो. चौथा घेतलात तर एकालाही जागा पुरत नाही. माझ्याकडे आंबोलीचा सुंदर किस्सा होता, जळवा, धुकं, पोराचं हरवणं, सगळं. पण तो वाट बघण्याच्या धाग्यात बसेना. हळहळत काढला.

दोघं भेटली कशी, हे मी घेतलं नाही. ते मी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे मित्र ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मामाने मामाचं सांगावं.

काही गोष्टी हशा मिळाला तरी सांगायच्या नाहीत: रंग, वजन, नापास होणं, आधी बघितलेली स्थळं, घरातली जुनी भांडणं. स्लाइड शोमध्ये एखाद्या नातेवाइकाला क्रॉप केलेलं दिसलं तर ते का केलंय हे व्यासपीठावर जाण्याआधी माहीत करून घ्या. आणि ज्या किश्शात नवरी किंवा नवरा फजीत होतो, तो त्यांना आधी ऐकवा. भाचीला स्कूटरचा किस्सा फोनवर ऐकवला तर म्हणाली, "सांग, पण बटणांचं आईने लावलं होतं हेही सांग." विहीणबाईंनी फांदीला परवानगी दिली.

गेलेल्या माणसाचं काय करायचं? आजी दोन वर्षांपूर्वी गेली. "आज आजी असती तर" हे वाक्य मी मुद्दाम टाळलं. त्याने ताई रडणार, भाची रडणार, आणि पुढचं कुणी ऐकणार नाही. त्याऐवजी आजीने जे लिहिलं तेवढंच वाचायचं. माणूस त्या चार शब्दांत येतो. हा भाग मधोमध ठेवा. शेवटी ठेवला तर ओल्या डोळ्यांनी ग्लास उंचवावे लागतात. त्याच्यानंतर लगेच विनोदही नको, मध्ये एखादं साधं वाक्य जाऊ द्या.

लिहिताना

माझा पहिला मसुदा असा सुरू होत होता: "आत्ता आपण एक फोटो पाहिला, ज्यात माझी भाची स्कूटरवर उभी आहे आणि तिच्या हातात डबा आहे." बायको म्हणाली, "दिसतंय की." बरोबर होतं तिचं. फोटोची आठवण एका खुणेने करून द्यायची, वर्णनाने नाही. "तो स्कूटरचा फोटो आठवतोय ना, बटणं चुकलेला?" एवढ्याने फोटो डोळ्यांपुढे येतो. पुढच्याच वाक्याला चौकटीबाहेर पाऊल टाका.

लांबीचा अंदाज असा की आपण मराठीत माइकवर सावकाश बोलतो तेव्हा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. हशा आणि थांबणं धरून चार मिनिटांसाठी 350 शब्द पुरे. वहीची साधारण दीड पानं.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे खरा होता. फोटोंखालच्या ओळी देवनागरीत, आणि गोव्यातल्या ख्रिश्चन घरांतली बरीचशी वडीलधारी मंडळी कोंकणी रोमन लिपीत वाचतात. म्हणजे अर्ध्या पाहुण्यांसाठी त्या ओळी नुसती नक्षी. म्हणून ज्या ओळीवर किस्सा उभा आहे ती पूर्ण मोठ्याने वाचायची, असं ठरवलं. प्रत्येक वाक्याचं भाषांतर मात्र करू नका, लय मोडते आणि चार मिनिटांची आठ होतात. मी मराठीत बोललो. कोंकणीतला एकच शब्द घेतला आणि तो विहीणबाईंकडून तीनदा म्हणवून घेतला. शेवटची ओळ इंग्रजीतही एकदा म्हटली.

शेवटचं वाक्य सगळ्यांत आधी लिहा. लोकांनी काय करायचं हे त्यात स्पष्ट हवं: उठा, ग्लास घ्या, हे म्हणा. "त्यांना भावी आयुष्याच्या शुभेच्छा देऊन मी माझे दोन शब्द संपवतो" यावर माणसं टाळ्या वाजवतात, ग्लास टेबलावरच राहतो. आणि ही शेवटची कृती धाग्यातून आली तर सोन्याहून पिवळं. आमचा धागा मोजण्याचा, तेव्हा मोजूनच ग्लास उंचवायचे ठरवलं.

मी बोललो ते थोडं काटछाट करून देतो:

"मंडळी, मी नवरीचा मामा. बसूनच ऐका, उठायचं कधी ते मी सांगतो. तो स्कूटरचा फोटो आठवतोय ना, बटणं चुकलेला? बटणं तिच्या आईने लावली होती, हे सांगायची मला सक्त ताकीद आहे. त्या फोटोत ती जांभई देत नाहीये. ती मोजतेय. तिचे पप्पा किका मारायचे आणि ही मोजायची. त्या सकाळी बारापर्यंत गेली. अकराव्या किकेला पप्पांनी सोडून दिलं असतं, पण मोजणारं कुणी शेजारी उभं असलं की सोडता येत नाही.

"दुसरा फोटो एसटी स्टँडवरचा. खाली लिहिलं होतं, पुण्याला निघताना. त्याच फोटोच्या मागे तिच्या आजीने लिहिलंय, ते वाचतो. 'पाऊस. पोचल्याचा फोन रात्री 9 ला आला.' बस दुपारी सुटली होती. मधल्या सगळ्या वेळात आजी फोनजवळ बसून होती, एवढंच मला माहीत आहे. या घरात माणूस निघतो तेव्हा कुणीतरी वेळ लिहून ठेवतं.

"आणि आता आमचे जावई. प्लास्टरचा फोटो पाहिलात. हे काजूच्या झाडावर, आई खाली. आई म्हणते उतर, हे म्हणतात, आयलों, आयलों! आणि चढतात वर. विहीणबाई, तुम्ही किती वेळ उभ्या होतात त्या झाडाखाली? जावईबापू, तुम्ही आता अशा मुलीशी लग्न केलंय जी मोजते. दर 'आयलों' मोजला जाईल. पण एक सांगतो. ती बारापर्यंत थांबते. तेवढ्यात या म्हणजे झालं.

"आता उठा. ग्लास घ्या, कोकम असो, काही असो. मी तीनपर्यंत मोजतो. तीनला तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं, आयलों! आणि ग्लास वर."

सभागृहात

पडदा आणि बोलणारा माणूस दोघं एकदम चालू असले की लोक पडद्याकडेच बघतात. म्हणून स्लाइड शो पूर्ण होऊ द्या, दिवे लागू द्या, मग बोला. पॉवरपॉइंटमधून चालवत असाल तर स्लाइड शो सुरू असताना `B` दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. एखादा फोटो बोलताना दाखवायचाच असेल तर त्याचा स्लाइड क्रमांक टाइप करून `Enter` दाबा, थेट तिथे जातं. व्हिडिओ करून ठेवला असेल तर यातलं काही चालत नाही, तेव्हा त्या तीन फोटोंची वेगळी छोटी फाइल जवळ असू द्या. मी काहीच दाखवलं नाही.

आमची फजिती पडद्याच्या खालच्या कडेला झाली. लॉनवर मांडलेल्या पडद्यापुढे फुलांची आरास होती आणि पुढच्या रांगेत उभे असलेले लोक. फोटोंखालच्या सगळ्या ओळी त्यामागे गेल्या. भाच्याने तीन रात्री जागून लिहिलेलं मागच्या टेबलांना दिसलंच नाही. ओळी फोटोच्या वरच्या भागात असत्या तर वाचल्या असत्या, हे तिथे गेल्यावर कळलं. शिवाय उघड्यावर प्रोजेक्टर असेल तर पूर्ण अंधार पडेपर्यंत चित्र फिकं दिसतं. स्लाइड शो सूर्यास्तानंतर तासाभराने ठेवा किंवा एलईडी पडदा घ्या. ओळ मोठ्याने वाचायचं आधीच ठरवलेलं, म्हणून मी निभावलो.

दुसरी अडचण हातांची. माइक, कागद आणि ग्लास, तीन वस्तू आणि हात दोन. घरी तालीम करताना हे लक्षात आलं नसतं तर तिथे कोकम शर्टावर गेलं असतं. माइकला स्टँड मागा. ते नसेल तर ग्लास शेजाऱ्याकडे द्या आणि "ग्लास घ्या" म्हणताना आपण परत घ्या. कागदाऐवजी तळहाताएवढं जाड कार्ड बरं, हात थरथरला तरी ते फडफडत नाही. कार्डावर पूर्ण भाषण लिहू नका. माझ्यावर सहा ओळी होत्या: बटणं, बारा, आजीचं वाक्य पूर्ण, आयलों, उठा, तीन.

तिसरी गोष्ट सूत्रसंचालकाशी आधी बोलून ठेवायची. तिथे बऱ्याचदा टोस्टच्या सुरुवातीलाच सगळ्यांना उभं करतात. मग गुडघे दुखणारे आजोबा चार मिनिटं ग्लास धरून उभे, आणि त्यांचं लक्ष तुमच्या किश्शापेक्षा खुर्चीकडे. "शेवटी उठवतो" एवढं मी त्याला आधीच सांगितलं होतं.

तालीम उभ्याने, मोठ्याने, घड्याळ लावून करा, तीनदा. घरी 3 मिनिटं 20 सेकंद लागली तर तिथे चार होतात. माझी पहिली वेळ सहा मिनिटं होती, त्यातली दोन आंबोलीची.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. मी "एक" म्हटलं, "दोन" म्हटलं, आणि माझ्या आधी भाचीच ओरडली, "बाऽऽरा!" मग तीन कुणी मोजलेच नाहीत. सगळं लॉन "आयलों" म्हणालं, आमच्या कोल्हापूरच्या आत्यासुद्धा.

घरी आल्यावर एक काम उरलं होतं. इतके फोन करून जे कळलं ते प्रत्येक फोटोबरोबर ठेवायचं. चकचकीत प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पडून पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पुसटते. चिठ्ठीवर लिहून अल्बमच्या त्याच खणात सरकवली. स्कूटरच्या फोटोमागे आता आहे: "पप्पांची स्कूटर. किक बारावी. फोटो शेजारच्या काकांनी काढला. बटणं आईने लावली."